अख्खं जहाज भाड्याने घेतलं, तर डेमरेज कोण भरणार?

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून परदेशी जाणारा बराचसा माल कंटेनरमधून जातो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कास्टिंग असो की ५० किलोच्या पोत्यांतली पांढरी साखर, कंटेनर भरायचा, बंदरावर पाठवायचा आणि शिपिंग लाइनकडून बिल ऑफ लेडिंग घ्यायचं. व्यापारात त्याला सगळे बीएल म्हणतात. भाडं किती, माल कुठे उतरणार, हरवला तर जबाबदार कोण, ही सगळी उत्तरं त्या एका कागदावर किंवा त्याच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडतात. त्यामुळे आपल्याकडच्या निर्यातदारांच्या डोक्यात जहाजाचा कागद म्हणजे बीएल हे समीकरण पक्कं बसलेलं आहे.

कच्ची साखर सुटी, म्हणजे पोत्यांशिवाय, पाठवायची वेळ आली की हे समीकरण चालत नाही. २७ हजार टन साखर कंटेनरमधून न्यायची तर हजारभर कंटेनर लागतील. म्हणून अख्खं जहाज भाड्याने घेतात, साखर थेट त्याच्या पोटात ओततात आणि पलीकडच्या देशातली रिफायनरी ती उपसून घेते. इथे दोन कागद जन्माला येतात. पहिली चार्टर पार्टी, म्हणजे जहाजमालक आणि जहाज भाड्याने घेणारा यांच्यातला करार. दुसरं बीएल, जे माल चढल्यावर कप्तान किंवा त्याच्या वतीने एजंट सही करून देतो. दोन्ही कागद एकाच जहाजाबद्दल, एकाच मालाबद्दल असतात. पण ते वेगवेगळ्या माणसांना बांधतात. जहाज ठरल्यापेक्षा जास्त अडकलं की लागणाऱ्या पैशांची, म्हणजे डेमरेजची, बहुतेक भांडणं या फरकातून उगवतात.

आधी बीएलचं बघू, कारण तो ओळखीचा आहे. त्याची तीन कामं असतात. माल जहाजावर चढला याची ती पावती. माल कोणाचा हे ठरवणारा तो दस्तऐवज, म्हणजे ज्याच्या हाती मूळ प्रत रीतसर आली त्याला माल मिळणार. आणि वाहतुकीच्या कराराचा तो पुरावा. पण हाच बीएल जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या स्वतःच्या हातात असतो, तेव्हा तिसरं काम गळून पडतं. त्याचा जहाजमालकाशी करार आधीच चार्टर पार्टीत झालेला असतो, बीएलने तो बदलत नाही. त्याच्यापुरतं बीएल म्हणजे मुख्यतः पावती. तोच कागद सही करून रिफायनरीकडे गेला की चित्र पालटतं. रिफायनरीने चार्टर पार्टी पाहिलेली नसते, तिच्यावर सही तर नसतेच. मग तिच्यात आणि जहाजमालकात जे नातं जुळतं, ते बीएलच्या मजकुरावर उभं राहतं. भारतात हा हक्क आणि जबाबदारी हस्तांतरित होण्याचा नियम १८५६ च्या कायद्यात होता; २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा केला, गाभा मात्र तोच ठेवला.

चार्टर पार्टीत या सगळ्याहून वेगळी गोष्ट असते, ती म्हणजे वेळेचा हिशेब. ट्रकवाल्याचं हॉल्टिंग आपल्याला माहीत आहे. ट्रक कारखान्याच्या यार्डात ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकला की दर दिवसाचे पैसे वेगळे. जहाजाचं तत्त्व तेच. माल चढवायला आणि उतरवायला करारात जो वेळ भाड्यातच धरलेला असतो तो लेटाइम. त्यापुढे जहाज अडकलं तर दर दिवसाला ठरलेली रक्कम म्हणजे डेमरेज. उलट माल लेटाइमच्या आत चढला तर जहाजमालक वाचलेल्या वेळेचे पैसे परत देतो, त्याला डिस्पॅच म्हणतात आणि त्याचा दर बहुधा डेमरेजच्या निम्मा असतो. रेल्वेच्या मालधक्क्यावर रेक वेळेत रिकामी झाली नाही तर लागणारं डेमरेज किंवा कंटेनर उशिरा परत केल्याबद्दल लाइन लावते ते डिटेन्शन, यांचा याच्याशी संबंध नाही. ते दर छापील असतात. जहाजाचं डेमरेज दोन पक्षांनी वाटाघाटीत ठरवलेलं असतं आणि वेळ कधी चालू, कधी बंद, हेही त्यांनीच लिहिलेलं असतं.

आता एक उदाहरण तासातासाने मांडू. उदाहरण बनवलेलं आहे, पण त्यातलं प्रत्येक वळण रोजच्या व्यवहारातलं आहे.

समजा बेळगावातल्या एका साखर व्यापाऱ्याने सीमाभागातल्या दोन-तीन कारखान्यांकडून २७ हजार टन कच्ची साखर घेतली आणि परदेशातल्या रिफायनरीला विकली. (भारतात १ जून २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवर सरकारी निर्बंध आहेत, तेव्हा हा सौदा कोटा मिळालेल्या हंगामातला समजा.) विक्री अशी की जहाजाचं भाडं व्यापाऱ्याने भरायचं. म्हणून त्याने दलालामार्फत जहाज ठरवलं, जेनकॉन नावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छापील नमुन्यावर, वर स्वतःची चार पानं जोडून. माल मुरगावला चढणार. २५ टनांचा एक ट्रक धरला तर १,०८० खेपा घाट उतरून जायच्या आहेत, हे त्याला पाठ होतं. करारातल्या वेळेच्या कलमांकडे मात्र त्याने भाड्याच्या आकड्याइतक्या बारकाईने पाहिलं नाही.

ती कलमं अशी होती. चढवण्याचा वेग दर हवामान-योग्य दिवसाला ४,५०० टन, रविवार आणि सुट्ट्या धरून. म्हणजे लेटाइम ६ दिवस, अर्थात १४४ तास. तयारीची नोटीस दुपारी बारापर्यंत दिली तर वेळ त्याच दिवशी दुपारी एकला सुरू, त्यानंतर दिली तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी सकाळी सहाला. धक्का रिकामा असो वा नसो, नोटीस देता येईल. जहाज नांगर टाकून थांबतं तिथून धक्क्याला येण्याचा वेळ धरायचा नाही. जहाजाची क्रेन बिघडली तर तेवढ्या प्रमाणात वेळ वजा. डेमरेज दिवसाला १२ हजार डॉलर, म्हणजे तासाला ५००. डिस्पॅच निम्म्याने.

मे महिना. सोमवारी सकाळी दहाला जहाज मुरगावच्या बाहेर, जहाजं नेहमी जिथे थांबतात तिथे नांगर टाकून उभं राहिलं आणि कप्तानाने तयारीची नोटीस दिली. या नोटिशीला सगळे एनओआर म्हणतात. धक्क्यावर दुसरं जहाज होतं. बुधवारी रात्री आठ ते पहाटे दोनपर्यंत वळवाचा पाऊस झाला. गुरुवारी सकाळी दहाला जहाज हललं आणि दुपारी एकला धक्क्याला लागलं. पाहणी आणि जहाज पाण्यात किती बुडालंय हे मोजणारा ड्राफ्ट सर्वे होऊन चार वाजता साखर पडायला लागली. शुक्रवारी दुपारी तीन ते सात पुन्हा पाऊस. शनिवारी रात्री घाटात ट्रक कलंडला, रांगा लागल्या आणि दहा तास धक्क्यावर साखरच पोचली नाही. रविवारी सकाळी सहा ते दुपारी दोन जहाजाच्या चारपैकी एक क्रेन बंद. सोमवारी दुपारी दोनला लागलेला पाऊस मंगळवारी पहाटे दोनला थांबला. बुधवारी दुपारी चारला माल पूर्ण चढला.

जहाज गेलं, बीएल झालं, पैसे आले. काही आठवड्यांनी जहाजमालकाचा ३३ हजार डॉलरच्या डेमरेजचा दावा आला. व्यापाऱ्याने स्वतःचा हिशेब मांडला, तर त्याच्या मते उलट त्यालाच सहा हजार डॉलर डिस्पॅच मिळायला हवं होतं. दोघंही खोटं बोलत नव्हते.

व्यापाऱ्याचा हिशेब असा. साखर पडायला सुरुवात झाली गुरुवारी चारला, संपली पुढच्या बुधवारी चारला. बरोबर १४४ तास. त्यातून शुक्रवारचा ४ तास पाऊस, क्रेनचे ८ तास आणि सोमवार-मंगळवारचा १२ तास पाऊस वजा. उरले १२० तास. २४ तास वाचवले, म्हणजे सहा हजार डॉलर. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. पण लेटाइम न्यायाने चालत नाही, कलमाने चालतो.

पहिली चूक सुरुवातीची. करारानुसार वेळ सोमवारी दुपारी एकलाच सुरू झाला होता. धक्का मोकळा नसणं ही जहाजमालकाची अडचण नाही. नोटीस धक्क्याविना देता येईल असं लिहून व्यापाऱ्याने ती जोखीम स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. मुळात जहाज पोचलं असं केव्हा म्हणायचं, यावर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७३ मध्ये ‘जोहाना ओल्डेनडॉर्फ’ या जहाजाच्या खटल्यात निवाडा दिला: जहाज बंदराच्या हद्दीत, नेहमीच्या थांब्यावर असेल आणि भाडेकरूने बोलावलं की लगेच येऊ शकत असेल, तर ते पोचलं. आपल्याकडचे बहुतेक असे करार इंग्रजी कायदा आणि लंडनच्या लवादावर बेतलेले असतात, म्हणून हे निकाल बेळगावच्या व्यापाऱ्यालाही लागू पडतात.

तेव्हा सोमवार दुपारी एक ते गुरुवार सकाळी दहा, ६९ तास नांगरावर उभ्या जहाजातच खर्च झाले. मात्र त्यातले सहा तास, बुधवार रात्रीचा पाऊस, वजा होतात. जहाज तेव्हा धक्क्याला नव्हतं, साखर चढवायचा प्रश्नच नव्हता, तरीही. कारण लेटाइमची मोजणी ‘हवामान-योग्य दिवसा’त आहे, आणि त्या शब्दाचा प्रस्थापित अर्थ असा की जहाज पाळीची वाट पाहत असेल तरी, त्या वेळी हवामानामुळे काम होऊ शकलं असतं का, हे बघायचं. साखरेवर पावसाचा थेंबही चालत नाही, झाकणं लावावीच लागतात. म्हणून ते तास मोजायचे नाहीत. जहाजमालकाने नेमके हेच सहा तास वजा केले नव्हते. त्याचा ३३ हजारांचा आकडा तिथून आला. असे तास व्यापारीही सोडून देतात, कारण ‘आपलं जहाज तर उभंच होतं’ असं त्यांना वाटतं.

म्हणजे गुरुवारी दुपारी एकला जहाज धक्क्याला लागलं तेव्हा १४४ पैकी ६३ तास गेले होते, ८१ उरले. तिथून सरळ मोजलं तर वेळ रविवारी रात्री दहाला संपतो. शुक्रवारचा चार तास पाऊस मिळवा, सोमवार पहाटे दोन. क्रेनचे आठ तास पूर्ण मिळत नाहीत. चारातली एक बंद होती, म्हणून त्या आठ तासांचा चौथा हिस्सा, दोन तास. सोमवार पहाटे चार. घाटातल्या ट्रकचे दहा तास अजिबात मिळत नाहीत. माल धक्क्यापर्यंत आणणं हे भाडेकरूचं काम आहे आणि घाट बंद पडण्याला सूट देणारं कलम करारात नव्हतं. काही साखर-करारांत रेल्वे, रस्ते, कारखान्यातले अडथळे यांची नावं घेऊन सूट लिहिलेली असते. पण ‘कोणत्याही पक्षाच्या नियंत्रणाबाहेरच्या गोष्टी’ असं मोघम वाक्य लवादाला सहसा पुरेसं वाटत नाही. सूट हवी असेल तर प्रसंगाचं नाव घ्यावं लागतं.

लेटाइम संपला सोमवारी पहाटे चारला. त्यानंतर सोमवारी दुपारपासून बारा तास पाऊस पडला, आणि व्यापाऱ्याला सगळ्यात जास्त चीड याचीच आली. हाच पाऊस शुक्रवारी वजा झाला, मग सोमवारी का नाही? कारण सवलती लेटाइमला असतात, डेमरेजला नाहीत. लेटाइम संपला की भाडेकरू करार मोडलेल्या अवस्थेत असतो. त्या अवस्थेत पाऊस, सुट्टी, वादळ, कशाचीच सूट मिळत नाही, जोपर्यंत करार स्पष्ट शब्दांत तसं म्हणत नाही. जहाजाच्या व्यवहारात हे एका वाक्यात सांगतात: एकदा डेमरेजवर, की कायम डेमरेजवर. ते क्रूर वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. माल वेळेत चढला असता तर जहाज तो पाऊस बघायला थांबलंच नसतं.

सोमवार पहाटे चार ते बुधवार दुपारी चार, ६० तास, अडीच दिवस, ३० हजार डॉलर. हा बरोबर आकडा. जहाजमालकाने तीन हजार जास्त मागितले होते, आणि व्यापारी ३६ हजारांनी चुकला होता.

हा हिशेब ज्या कागदावर उभा राहतो त्याला एसओएफ म्हणतात, म्हणजे घटनांचं निवेदन. बंदरावरचा एजंट ते बनवतो: नोटीस कधी, धक्का कधी, कुठला थांबा कशामुळे. कप्तान आणि भाडेकरूचा प्रतिनिधी त्यावर सही करतात. व्यापाऱ्याचा माणूस बहुतेक वेळा जहाज सुटायच्या घाईत तिथे नुसती सही ठोकतो. तसं करू नये. पावसाच्या वेळा सर्वेअरच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात, क्रेन बंद होती त्याची वेळ आणि किती क्रेन चालू होत्या हे लिहून घ्यावं, पटत नसेल तिथे ‘हरकत राखून सही’ असं लिहावं. महिन्याभराने हा कागद बदलता येत नाही, आणि लवाद त्याच्याबाहेरच्या आठवणींवर फारसा विश्वास ठेवत नाही.

आणखी एक जागा एनओआरच्या खरेपणाची. नोटीस देताना जहाज खरंच तयार हवं. आमच्या उदाहरणात गुरुवारी पाहणी पास झाली. पण समजा त्या जहाजाने आधीच्या फेरीत कोळसा नेला होता आणि त्याच्या पोटातल्या गोदामांच्या कोपऱ्यात काळी भुकटी सापडली. साखर घेणारा सर्वेअर ते जहाज नाकारेल. अशा वेळी सोमवारची नोटीस मुळातच फोल होती असं म्हणता येतं, आणि इंग्रजी कायद्यात फोल नोटीस जहाज साफ झाल्यावर आपोआप जिवंत होत नाही. ‘मेक्सिको १’च्या १९९० च्या निकालात हे ठरलं. कप्तानाने नवी नोटीस द्यायला हवी. म्हणून सावध कप्तान रोज नवी नोटीस देतात, ‘आधीच्या नोटिशीला बाध न येता’ असं लिहून. पण ‘हॅपी डे’च्या २००२ च्या निकालाने भाडेकरूलाही सावध केलं. तिथे नोटीस वेळेआधीची होती, पण भाडेकरूच्या माणसांनी हरकत न घेता काम सुरू केलं, आणि काम सुरू झाल्यापासून लेटाइम मोजला गेला. म्हणजे गोदाम नाकारलं तर ते लेखी नाकारा, आणि नोटीस मान्य नाही हेही त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी बडबड कोणी मोजत नाही.

आता बीएलकडे परत येऊ. हा सगळा पैसा चार्टर पार्टीतून आला, आणि तो व्यापाऱ्याने द्यायचा, कारण करारावर त्याची सही आहे. पण पलीकडच्या बंदरात रिफायनरीने माल उतरवायला उशीर केला, तर?

सुट्या मालाच्या जहाजांवर बहुधा कॉनजेनबिल नावाचा छोटा बीएल वापरतात. त्याच्या मागे वाक्य असतं: अमुक तारखेच्या चार्टर पार्टीतल्या सर्व अटी, कायदा आणि लवादाच्या कलमासह, यात सामावलेल्या आहेत. जहाजमालकाला वाटतं, चला, डेमरेजची अटही सामावली, आता रिफायनरीकडूनच वसूल करू. १९८४ मध्ये ‘मिरामार’ जहाजाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हा मार्ग बंद केला. चार्टर पार्टीत ‘भाडेकरू डेमरेज देईल’ असं लिहिलं आहे. ते बीएलमध्ये सामावलं म्हणून ‘भाडेकरू’च्या जागी ‘बीएल धारक’ वाचायचं नाही. माल विकत घेणाऱ्याने कधी न पाहिलेल्या करारातला, मोजता न येणारा खर्च त्याच्यावर टाकला जाऊ नये, असा त्यामागचा विचार. व्यवहारात मात्र जहाजमालक मोकळ्या हाताने राहत नाही. जेनकॉनमध्ये मालावर धारणाधिकाराचं कलम असतं, आणि ते बीएलमध्ये आलं की डेमरेज मिळेपर्यंत माल अडवून ठेवायची धमकी देता येते. बऱ्याचदा रिफायनरी तिथेच पैसे मोकळे करते, कारण तिच्या कढया साखरेविना थांबलेल्या असतात.

लवादाच्या कलमाबाबत मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ‘बाल्टिक कॉन्फिडन्स’ प्रकरणात स्पष्ट सांगितलं: बीएलमध्ये चार्टर पार्टीच्या लवाद कलमाचा नाव घेऊन उल्लेख असेल तर ते बीएल धारकाला लागू. म्हणजे तोच कागद एका कलमासाठी रिफायनरीला बांधतो आणि दुसऱ्यासाठी बांधत नाही. यात विसंगती नाही. बीएलने काय उचललं हे प्रत्येक वेळी शब्दांवरून ठरतं.

दोन कागद एकमेकांवर आदळले तर काय होतं याचं ठळक उदाहरण ‘इटर्नल ब्लिस’ हे जहाज. ते ब्राझीलहून सोयाबीन घेऊन चीनमधल्या लाँगकोऊला गेलं आणि उतरवायला जागा नसल्यामुळे ३१ दिवस नांगरावर पडलं. सोयाबीनला बुरशी आली. बीएलच्या आधारे माल घेणाऱ्यांनी जहाजमालकावर दावा केला, त्याने सुमारे ११ लाख डॉलर देऊन तो मिटवला. मग तो चार्टर पार्टीकडे वळला: उशीर भाडेकरूमुळे झाला, तर हे पैसेही त्यानेच द्यावेत. २०२१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने नाही म्हटलं. डेमरेज ही आधीच ठरवलेली भरपाई आहे, माल वेळेत न उतरवल्याने जे काही नुकसान होईल ते सगळं त्यात आलं. बीएलवर गेलेला पैसा चार्टर पार्टीतून परत आला नाही. म्हणून डेमरेजचा दर जास्त वाटला तरी भाडेकरूने एवढं लक्षात घ्यावं, की तोच दर त्याच्यासाठी वरची मर्यादाही असतो.

बँकेचीही एक छोटी अट इथे येते आणि तिच्यावर बरेच जण अडकतात. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशांची दिलेली हमी, यासाठी जगभर वापरले जाणारे यूसीपी ६०० हे नियम आहेत. त्यातल्या २० व्या कलमाखालचं साधं बीएल चार्टर पार्टीला बांधलेलं असेल तर बँक ते नाकारते. चार्टर पार्टी बीएल चालेल असं क्रेडिटमध्ये लिहिलेलं असेल तरच २२ वं कलम लागू होतं. आणि तेव्हाही बँक चार्टर पार्टी वाचत नाही, दिली तरी. व्यापाऱ्याने रिफायनरीच्या बँकेकडून हे एक वाक्य जहाज ठरवण्याआधी घालून घेतलं नाही, तर डेमरेजच्या भांडणाआधी साखरेचेच पैसे लटकतात.

मग उतरवण्याच्या बंदरातलं डेमरेज रिफायनरीकडून घ्यायचं कसं? बीएलमधून नाही, विक्री करारातून. साखरेच्या सौद्यात व्यापाऱ्याने लिहून घ्यायला हवं: अमुक वेगाने माल उतरवायचा, उशीर झाला तर अमुक डेमरेज खरेदीदाराने द्यायचं. इथे व्यापारी ‘चार्टर पार्टीप्रमाणे’ असं दोन शब्दांत उरकतात, आणि त्यातून पुढे वाद निघतात. विक्री करारात वेग दिवसाला ५ हजार टन आणि चार्टर पार्टीत ४ हजार असला, किंवा एकीकडे रविवार धरलेला आणि दुसरीकडे वगळलेला असला, तर मधले दिवस व्यापाऱ्याच्या खिशातून जातात किंवा त्याला फुकट मिळतात. दोन्ही करारांतली वेळेची कलमं समोरासमोर ठेवून, ओळीला ओळ लावून वाचणं हे कंटाळवाणं काम आहे. माझ्या मते अख्खं जहाज घेणाऱ्याने दलालीचा शेवटचा पैसा वाचवण्याऐवजी या कामासाठी तासाला फी घेणारा माणूस ठेवावा.

आणि एक मुदत. अनेक चार्टर पार्टीत डेमरेजचा दावा माल उतरल्यापासून ठरावीक दिवसांत, कागदपत्रांसह न पोचल्यास रद्द, अशी अट असते. ९० दिवस ही वारंवार दिसणारी मुदत. एसओएफ, नोटीस, हिशेबाचा तक्ता यांपैकी एखादा कागद राहिला तरी दावा बुडालेला निकालांत दिसतो. ती मुदत जहाजमालकाविरुद्ध जितकी उपयोगी, तितकीच व्यापाऱ्याने विक्री करारात आपल्या खरेदीदाराविरुद्ध पाळायची.

आमच्या बेळगावच्या व्यापाऱ्याचं शेवटी ३० हजार डॉलरवर मिटलं असं धरू. एवढ्या रकमेसाठी लंडनच्या लवादात लहान दाव्यांची वेगळी, स्वस्त पद्धत आहे, पण दोन्ही वकिलांना आकडे दिसल्यावर तिथवर जायची वेळ येत नाही. त्यानंतर त्याने कारखान्यांकडे मोर्चा वळवला. घाटात अडकलेल्या ट्रकांचे दहा तास, म्हणजे पाच हजार डॉलर, ते तरी तुम्ही द्या. कारखान्यांनी करार दाखवला: विक्री कारखान्याच्या दारात, साखर काट्यावरून ट्रकमध्ये चढली की आमचं काम संपलं. ट्रान्सपोर्टरने आपल्या बिल्टीवरची बारीक ओळ दाखवली, वाटेतल्या अडथळ्यांना जबाबदार नाही. चार्टर पार्टी, बीएल, विक्री करार, कारखान्याचा सौदा, बिल्टी, असे पाच कागद त्याच्या टेबलावर होते, आणि त्या दहा तासांचे पैसे त्यातल्या एकातही दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहिलेले नव्हते.